हातात एक ऑफर असताना दुसऱ्या कंपनीकडे लवकर निर्णय कसा मागावा

प्रश्न: सोमवारी संध्याकाळी एका कंपनीची लेखी ऑफर आली आणि येत्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या असे सांगितले आहे. पण मला मनापासून जिथे जायचे आहे त्या कंपनीत चारपैकी दोनच फेऱ्या झाल्या आहेत आणि तिसरी फेरी पुढच्या आठवड्यात बुधवारी ठेवली आहे. त्यांना लवकर निर्णय द्या म्हटले तर दबाव आणल्यासारखे वाटेल का? सांगायचेच तर कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगू?

उत्तर:

मंगळवारी सकाळी, कामाचा दिवस सुरू होताच, ज्या रिक्रूटरशी तुमचा आजवर संपर्क आहे त्यांनाच लेखी कळवा आणि शुक्रवारची खरी तारीख व वेळ त्यात स्पष्ट लिहा. दबावाची चिंता बाजूला ठेवा. मी भरतीच्या कामात अनेक वर्षे आहे आणि उमेदवाराच्या हातात दुसरी ऑफर असणे ही आमच्यासाठी नेहमीची बाब आहे. त्याने कोणी दुखावले जात नाही. दुखावले जाते ते गुरुवारी संध्याकाळी कळवल्यावर, कारण तोपर्यंत काही करण्याची वेळ निघून गेलेली असते आणि मुलाखती घेणाऱ्यांनी दिलेला वेळ वाया गेला याचे उत्तर रिक्रूटरलाच आत द्यावे लागते.

मात्र नुसते 'जरा लवकर सांगाल का' असे विचारून फारसे काही हलत नाही. ते का हलत नाही हे समजण्यासाठी उरलेल्या प्रक्रियेत नेमके काय काय असते ते पाहिले पाहिजे. तुमच्या बाबतीत दोन मुलाखती राहिल्या आहेत. त्या झाल्यावर प्रत्येक मुलाखतकाराने आपला अभिप्राय लेखी नोंदवायचा असतो. मग हायरिंग मॅनेजर आणि मुलाखतकार एकत्र बसून निर्णय घेतात. निर्णय होकारार्थी असेल तर पद, श्रेणी आणि पगार यांचा प्रस्ताव तयार होतो, त्यावर विभागप्रमुख, एचआर आणि बहुधा वित्त विभाग यांची मंजुरी लागते, आणि त्यानंतर पत्र निघते. या सगळ्यात प्रत्यक्ष काम किती आहे ते मोजा: दोन तासांच्या मुलाखती, अर्ध्या तासाची बैठक, एक प्रस्ताव आणि तीन-चार मंजुऱ्या. उरलेला सगळा वेळ हा एका टप्प्याने दुसऱ्या टप्प्याची वाट पाहण्यात जातो. तुम्हाला मागायचे आहे ते ही वाट पाहण्याची वेळ कमी करणे. तुमचे मूल्यमापन उथळपणे व्हावे असे तुम्ही मागत नाही, आणि तुमच्या मेलमधूनही ते तसे दिसले पाहिजे.

यातला कोणता टप्पा आवळता येतो आणि कोणता येत नाही, हे कंपनीनुसार बदलते, पण काही गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या असतात. मुलाखतीची तारीख अलीकडे आणणे तुलनेने सोपे असते, कारण पुढच्या बुधवारची तारीख बहुधा कोणाचे कॅलेंडर तेव्हा मोकळे दिसले एवढ्यावरच ठरलेली असते. अभिप्राय त्याच दिवशी मिळवणेही शक्य असते, फक्त कोणीतरी मागे लागावे लागते. पण निवड समितीची बैठक आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच होत असेल, किंवा विभागप्रमुख प्रवासात असतील, तर रिक्रूटरच्या हातात फारसे काही नसते. पगाराची मंजुरी या दोहोंच्या मध्ये येते. तुमची अपेक्षा त्या पदासाठी आधीच ठरलेल्या पगार-मर्यादेत बसत असेल तर मंजुरी लवकर होते, आणि त्याबाहेर जात असेल तर वरच्या पातळीवर आणखी एक सही लागते. पार्श्वभूमी-तपासणी आणि पूर्वीच्या कंपन्यांकडील चौकशी अनेक ठिकाणी ऑफर दिल्यानंतर होते, त्यामुळे ती निर्णयाच्या आड क्वचित येते. पण त्यामुळेच मिळणारी ऑफर सशर्त असते, हे पुढे लक्षात ठेवायचे आहे.

रिक्रूटरला आत जाऊन चार माणसांना हलवायचे असते आणि त्यासाठी त्यांच्या हातात काहीतरी ठोस हवे. मुदतीची खरी तारीख, तुम्हाला ही जागा खरोखर हवी आहे याची स्पष्ट नोंद, आणि तुम्ही कोणकोणत्या वेळी मुलाखतीला उपलब्ध आहात याची यादी एवढे त्यांना दिले, की ते तुमचा मेल जवळपास जसाच्या तसा हायरिंग मॅनेजरकडे पाठवू शकतात. मेल असा असावा:

> नमस्कार,
>
> काल संध्याकाळी मला दुसऱ्या एका कंपनीकडून लेखी ऑफर मिळाली असून शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर द्यायचे आहे. आपल्याकडील दोन्ही फेऱ्यांमध्ये झालेल्या चर्चेनंतर या पदावर काम करण्याची माझी इच्छा अधिक पक्की झाली आहे, त्यामुळे आपला निर्णय कळण्यापूर्वी तिकडे उत्तर द्यावे लागू नये असे मला वाटते.
>
> उरलेल्या दोन फेऱ्या याच आठवड्यात घेणे शक्य आहे का? मी बुधवारी सकाळी नऊ ते एक, गुरुवारी दिवसभर आणि शुक्रवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत उपलब्ध आहे. फेऱ्यांनंतर निर्णयापर्यंत आणखी कोणते टप्पे असतात आणि त्यांना साधारण किती दिवस लागतात, हेही कळवल्यास मला तिकडे मुदतवाढ मागताना नेमकी तारीख सांगता येईल.
>
> याच आठवड्यात हे शक्य नसल्यास तसे कळवावे, म्हणजे मला त्यानुसार ठरवता येईल. आज आपल्या सोयीच्या वेळी फोनवर बोलण्यासही मी तयार आहे.

या मेलमध्ये काय नाही तेही पाहा. ऑफर देणाऱ्या कंपनीचे नाव नाही, पगाराचा आकडा नाही आणि ऑफर लेटरची प्रत जोडलेली नाही. पगाराचा आकडा पहिल्याच मेलमध्ये टाकला की वाचणाऱ्याला वाटते की तुम्हाला वेळ नको आहे, भाव वाढवून हवा आहे, आणि मग चर्चा तारखेवरून पैशावर सरकते. नाव विचारले तर सांगायचे की नाही हे तुम्ही ठरवा. 'याच क्षेत्रातली कंपनी आहे, पण नाव सांगणे त्यांच्या दृष्टीने योग्य होणार नाही' एवढे उत्तर पुरेसे असते आणि अनुभवी रिक्रूटर त्यापुढे ताणत नाहीत. पत्राची प्रत मागितली तरी देऊ नका. अशी पत्रे बरेचदा गोपनीय असतात आणि ती बाहेर दाखवणारा उमेदवार उद्या आपलीही कागदपत्रे दाखवेल, असा विचार रिक्रूटरच्या मनात येतो.

'शुक्रवारपर्यंत निर्णय दिला नाहीत तर मला तिकडे जावे लागेल' असे वाक्यही यात नाही. ते खरे असले तरी लिहिण्याची गरज नाही, कारण तारीख वाचून समोरच्याला तेच कळते. शब्दांत आणले की ती ताकीद होते आणि ताकीद मिळाली की काही हायरिंग मॅनेजर केवळ त्या कारणाने मागे सरकतात. 'तुम्हीच माझी पहिली पसंती आहात, ऑफर दिलीत तर नक्की येईन' हे मात्र खरोखर तसे असेल तरच लिहा. हे वाक्य फार परिणामकारक आहे. आतल्या बैठकीत 'हा उमेदवार येणार हे निश्चित आहे' या एका गोष्टीवर मंजुरी लवकर मिळते. पण ते लिहून नंतर तुम्ही पगारावर आठवडाभर घासाघीस केलीत किंवा नकार दिलात, तर रिक्रूटरने तुमच्यासाठी आत दिलेला शब्द खोटा ठरतो.

आणि ऑफर हातात नसताना ती आहे असे सांगू नका. नीतीचा प्रश्न आहेच, पण व्यवहारातही ही चाल बहुधा वेगळ्याच कारणाने फसते. खोटेपणा उघडा पडतो असे नेहमी होत नाही, कंपनी तुमच्यावर विश्वास ठेवते म्हणून तुम्ही अडकता. 'शुक्रवारपर्यंत आम्हाला जमणार नाही, तुम्ही ती ऑफर स्वीकारावी, शुभेच्छा' असे उत्तर आले की परतीची वाट उरत नाही. तोंडी ऑफर आली असेल आणि पत्र यायचे असेल, तर तेही जसेच्या तसे सांगा. 'तोंडी कळवले आहे, पत्र दोन दिवसांत येईल असे म्हणाले आहेत' यानेही प्रक्रिया हलते.

आता तुमचाच आठवडा धरून पुढे काय होऊ शकते ते पाहू. मंगळवारी सकाळी दहाला तुम्ही मेल केला. दुपारी रिक्रूटरचा फोन आला: तिसरी फेरी बुधवारी सकाळी घेता येईल, पण चौथी फेरी विभागप्रमुखांबरोबर आहे आणि ते गुरुवारी रात्री परत येणार, त्यामुळे ती शुक्रवारी सकाळी नऊला. अभिप्राय आणि बैठक शुक्रवारी दुपारी. होकार असेल तर पगाराच्या मंजुरीला कामाचे दोन दिवस लागतात, म्हणजे तोंडी निर्णय सोमवारी आणि पत्र बुधवारी.

हे उत्तर चांगले आहे. शुक्रवार गाठला जात नाही, तरीही चांगले आहे, कारण आता तुमच्याकडे माणसांसह आणि वारांसह ठरलेला आराखडा आहे. यावरूनच पहिल्या कंपनीकडे किती मुदतवाढ मागायची ते ठरते. बरेच लोक हे उलट्या क्रमाने करतात: घाईघाईत आधी 'आणखी एक आठवडा द्या' असे मागतात, मग दुसरीकडे विचारतात आणि तिथे नऊ दिवस लागणार असे कळते, तेव्हा पुन्हा मागायला जाण्याची सोय राहिलेली नसते. मुदतवाढ बहुतेक ठिकाणी एकदाच मिळते. ती मागण्यापूर्वी आकडा माहीत हवा. म्हणून दोन्ही विनंत्या एकाच दिवशी करा, पण सकाळी दुसऱ्या कंपनीकडे आणि तिथले उत्तर हाती आल्यावर पहिल्या कंपनीकडे. संध्याकाळपर्यंत दुसरीकडून काहीच कळले नाही, तर मात्र न थांबता पहिलीकडे अंदाजाने मागा. गुरुवारी मागितलेली मुदतवाढ मंगळवारच्या मुदतवाढीपेक्षा फार महाग पडते.

पत्र बुधवारी येणार, ते वाचायला एक दिवस हवा, म्हणून पहिल्या कंपनीला गुरुवारची तारीख मागायची. त्यात ऑफरबद्दल आभार, गुरुवार ही नेमकी तारीख, आणि 'हा निर्णय पूर्ण विचाराने घ्यायचा आहे आणि एकदा होकार दिला की तो पाळायचा आहे, यासाठी वेळ हवा आहे' एवढे कारण पुरते. दुसरीकडे प्रक्रिया चालू आहे का असे त्यांनी थेट विचारले तर 'हो, एका ठिकाणी शेवटच्या टप्प्यात आहे' असे सरळ सांगा. ऑफरमध्ये खरोखर स्पष्ट नसलेली एखादी बाब असेल, जसे की बोनसची अट किंवा रुजू होण्याची तारीख, तर तो प्रश्नही याच मेलमध्ये विचारा. नसलेले प्रश्न मात्र वेळ काढण्यासाठी तयार करू नका, ते लगेच ओळखू येतात.

समजा पहिल्या कंपनीने गुरुवार दिला नाही, मंगळवार संध्याकाळपर्यंतच थांबू असे सांगितले. आता चित्र असे आहे की दुसरीकडचा तोंडी निर्णय सोमवारी, तुमची मुदत मंगळवारी आणि पत्र बुधवारी. एक दिवसाचे अंतर राहिले आहे आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. सोमवारचा तोंडी होकार ऐकून पहिल्या ऑफरला नकार देणे हा मोह फार मोठा असतो. तो आवरा. तोंडी होकार आणि पत्र यांच्या मध्ये अजून मंजुरी असते, आणि मंजुरीच्या टप्प्यावर पद गोठवले जाणे, श्रेणी खाली आणली जाणे किंवा पगार अपेक्षेपेक्षा कमी येणे या सगळ्या गोष्टी घडताना मी पाहिल्या आहेत. त्यात फसवण्याचा हेतू असतो असे नाही. फोन करणाऱ्या व्यक्तीला त्या क्षणी खरेच वाटत असते की आता फक्त औपचारिकता उरली आहे.

हे अंतर भरण्याचे काम सोमवारची वाट न पाहता बुधवारीच सुरू करायचे असते. मुदत मंगळवारपर्यंत वाढली आहे हे रिक्रूटरला लगेच कळवा आणि सोबत दोन गोष्टी विचारा. पहिली, पगाराचा प्रस्ताव चौथ्या फेरीची वाट न पाहता कच्च्या स्वरूपात तयार ठेवता येईल का, म्हणजे शुक्रवारी होकार झालाच तर तो त्याच दिवशी मंजुरीला जाईल. यासाठी त्यांना तुमची अपेक्षा माहीत असावी लागते. एरवी मी उमेदवारांना आकडा आधी सांगू नका असेच सांगते, कारण आधी आकडा सांगणारा सहसा कमी मागून बसतो. पण वेळ इतका कमी असताना अपेक्षा लपवून ठेवण्याची किंमत दोन-तीन दिवसांत मोजावी लागते: प्रस्ताव जातो, तो तुम्हाला कमी वाटतो, तुम्ही वाढवून मागता आणि मंजुरी पुन्हा पहिल्यापासून फिरते. म्हणून अशा वेळी तुम्हाला ज्या आकड्यावर समाधानाने होकार देता येईल तो सांगा आणि नंतर त्यावर ठाम राहा. हातातल्या ऑफरचा आकडा सांगण्याची हीच योग्य वेळ आहे, सांगायचा असेल तर.

दुसरी गोष्ट अशी विचारा की पूर्ण पत्र बुधवारीच निघणार असेल, तर मंगळवारी दुपारपर्यंत कंपनीच्या अधिकृत मेलवरून मुख्य अटी लेखी मिळतील का. पद, श्रेणी, निश्चित पगार आणि बदलता भाग, कामाचे ठिकाण, रुजू होण्याची तारीख, ऑफर कोणत्या अटींवर अवलंबून आहे, आणि मंजुरी पूर्ण झाली आहे असे एक स्पष्ट वाक्य, एवढे त्या मेलमध्ये असले तर माझ्या मते त्यावर निर्णय घेता येतो. मंजुरी झाल्याचे वाक्य यात सर्वांत महत्त्वाचे. ते लिहायला रिक्रूटर टाळाटाळ करत असतील तर मंजुरी झालेली नाही असे समजा, मग बाकीचा मेल कितीही आपुलकीचा असो. सशर्त असणे ही अडचण नाही, जोपर्यंत अट पार्श्वभूमी-तपासणीची आहे आणि तुमच्या माहितीत लपवण्यासारखे काही नाही. 'अंतर्गत मंजुरीच्या अधीन' अशी अट मात्र ऑफरला ऑफर राहू देत नाही.

मंगळवारी दुपारी तो मेल आला नाही तर काय, हे आधीच, शांत डोक्याने, शनिवार-रविवारी ठरवून ठेवा. पहिल्या कंपनीतली नोकरी दुसरीशी तुलना न करता पाहिली तर तुम्हाला स्वीकारण्यासारखी वाटते का, हा एकच प्रश्न त्या वेळी महत्त्वाचा असतो. उत्तर हो असेल तर मंगळवारी संध्याकाळी ती स्वीकारा. नाही असेल, आणि सध्याची नोकरी किंवा साठवलेले पैसे यांवर आणखी काही आठवडे काढता येत असतील, तर नकार देऊन थांबणेही योग्य आहे, पण तो धोका तुम्ही डोळसपणे पत्करलेला असावा. आत्ता स्वीकारून ठेवायचे आणि दुसरीकडून पत्र आले की मोडायचे, असा बेत मनात धरून सही करू नका. स्वीकारलेली ऑफर मोडल्याने काय होते हे करारातील कलमांवर अवलंबून असते, ती वाचा. पण कायदेशीर परिणाम काही नसला तरी तुमच्या होकारावर विसंबून त्यांनी इतर उमेदवारांना परत पाठवलेले असते, आणि भरती करणारी माणसे कंपन्या बदलतात, पुढे पुन्हा भेटतात.

वरच्या उदाहरणात रिक्रूटरने दिलेले उत्तर चांगल्यापैकी एक होते. प्रत्यक्षात काय उत्तर येते त्यावरून बरेच ओळखता येते, म्हणून त्याबद्दल थोडे. ज्या उमेदवारामध्ये कंपनीला खरा रस असतो त्याच्या मेलला कामाच्या एका दिवसात उत्तर येते आणि त्यात वार आणि वेळा असतात. शुक्रवार जमणार नाही असे उत्तर असले तरी कधी जमेल ते असते. 'प्रयत्न करतो, कळवतो' हे उत्तर धड इकडचे नाही आणि तिकडचे नाही. त्याला 'धन्यवाद, उद्या दुपारपर्यंत काय शक्य आहे ते समजले तर तिकडे मुदतवाढ मागता येईल' असे एकदाच लिहावे. 'आमची प्रक्रिया ठरलेली आहे, आपण आपल्या हिताचा निर्णय घ्यावा' या उत्तराचा अर्थ बहुतेक उमेदवार नकार असा घेतात. तो नकार असतोच असे नाही, कारण काही मोठ्या संस्थांमध्ये सर्व उमेदवारांच्या फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय कोणाचाही निर्णय घेता येत नाही. पण शुक्रवारच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच आहे, आणि त्यावर आणखी विनवण्या करण्यात वेळ घालवू नये.

उत्तरच आले नाही तर आधी रिक्रूटर रजेवर नाहीत ना ते पाहा. आपोआप येणारे उत्तर अनेकदा वेगळ्या फोल्डरमध्ये पडलेले असते. मंगळवार संपेपर्यंत काही कळले नाही तर बुधवारी सकाळी फोन करा, आणि तोही लागला नाही तर हायरिंग मॅनेजरना तोच मेल पाठवून रिक्रूटरना त्यात ठेवा. हे त्यांना डावलणे ठरत नाही, कारण पहिला मेल त्यांनाच गेलेला आहे आणि आताही ते सोबत आहेत. आधी थेट मॅनेजरना लिहिले असते तर मात्र तसे ठरले असते, कारण मुलाखतींच्या वेळा आणि मंजुरी जुळवणारी व्यक्ती रिक्रूटरच असते आणि तिला बाजूला सारून काहीच लवकर होत नाही.

तुमच्यापेक्षा थोडी वेगळी एक स्थिती आहे, जिथे सर्व फेऱ्या संपलेल्या असतात, अभिप्राय चांगला असल्याचे सांगितलेले असते आणि तरीही तारीख मिळत नाही. तिथे बरेचदा ऑफर आधी दुसऱ्या कोणाला गेलेली असते आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली जात असते. 'माझ्याबाबतचा निर्णय आणखी कोणाच्या उत्तरावर थांबला आहे का?' असे सरळ, सौम्यपणे विचारले तर पूर्ण उत्तर मिळेलच असे नाही. पण 'नाही, फक्त एक सही बाकी आहे' असे स्पष्ट उत्तर देऊ शकणारे ते देतातच, आणि ते न मिळणे हीच माहिती आहे. याउलट जिथे तुमचा फक्त अर्ज गेला आहे किंवा केवळ प्राथमिक फोन झाला आहे, तिथे तीन-चार दिवसांत निर्णय मागण्यात अर्थ नाही. कळवा जरूर, पण अपेक्षा ठेवू नका.

फेऱ्या अलीकडे आणताना एक काळजी घ्या. कंपनी उत्साहाने 'उद्याच दोन्ही फेऱ्या सलग घेऊ' म्हणेल आणि तुम्ही मागणी केलेली असल्यामुळे नाही म्हणणे अवघड वाटेल. पण प्रक्रिया लवकर झाली म्हणून मूल्यमापन सैल होत नाही, आणि तयारीविना दिलेली मुलाखत कोणी सवलतीने पाहत नाही. एखाद्या फेरीसाठी तुम्हाला एक संध्याकाळ तयारी हवी असेल तर 'बुधवारऐवजी गुरुवारची सकाळ मला अधिक योग्य होईल' असे सांगायला संकोच करू नका, तेवढ्याने मुदत हुकत नाही. दोनपैकी एकच फेरी या आठवड्यात होणार असेल, तर ज्या फेरीवर निर्णय अधिक अवलंबून आहे ती आधी घ्या असे सुचवा. तिथे नकार आला तर तुम्हाला शुक्रवारपूर्वी कळतो, आणि हातात चांगली ऑफर असताना वेळेवर कळलेला नकार हासुद्धा तुमच्या विनंतीला मिळालेला उपयोगी प्रतिसादच आहे.

शेवटी, दोन्ही कंपन्या एकाच वेळेच्या पट्ट्यात नसतील तर 'संध्याकाळी सहा' हे कोणाचे सहा, ते पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्या. आणि निर्णय झाला की त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला कळवा. तुम्ही दुसऱ्या कंपनीचा लेखी होकार पाहून तिथे स्वीकृती पाठवली असेल, तर पहिल्या कंपनीला मुदत संपण्याची वाट न पाहता लगेच दोन ओळींचा नकार पाठवा. पहिली ऑफर स्वीकारली असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या रिक्रूटरना तत्काळ सांगा, कारण त्या वेळी तुमचा प्रस्ताव कोणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पुढे सरकवला जात असेल, आणि तो परत घेण्यासाठी त्यांना जेवढा वेळ मिळेल तेवढी त्यांची आतली अडचण कमी होईल.